एकवीस दुर्वा आणि तीन अक्षरं

रोहिणीला जीपमध्ये खिडकी कधी मिळाली नाही. केजला जाणारी जीप गावातून भरूनच निघायची आणि तिची जागा ठरलेली असायची, मधल्या सीटवर, दोघींच्या मधोमध. एका बाजूला कुणाची तरी भाजीची पाटी, दुसऱ्या बाजूला त्याच कॉलेजात अकरावीला असलेली पुतणी धनश्री, आणि मांडीवर गणिताच्या पुस्तकांची पिशवी. गहिनीनाथरावांची सून म्हणून ड्रायव्हर तिच्याशी अदबीनं बोले, पैसे घ्यायला संकोचे, पण बाहेरचं काही दिसेल अशी जागा देणं त्याला कधी सुचलं नाही. तिनंही कधी मागितली नाही.

ती मूळची वडवणीची. गणितात एम. एस्सी. झाली, बी. एड. झाली आणि लग्न होऊन केजजवळच्या या गावात आली. तेव्हापासून केजच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जितके तास घ्यायचे तितकेच मानधन, सुट्टीत काहीच नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. हजेरीपटावर नाव असायचं, पण शिक्षकांच्या फोटोत बसायला खुर्ची नसायची, ती मागच्या रांगेत उभी राहायची.

सासरी ती सासऱ्यांना मामा म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. मामा, म्हणजे गहिनीनाथराव, दोनदा सरपंच होऊन गेलेले. बागायत शेती, दारात दोन ट्रॅक्टर, ओसरीत सकाळपासून माणसांची बैठक. कुणालाही ते तोंडावर नाही म्हणत नसत. "बघू की" म्हणत. त्यांच्या "बघू की"चा अर्थ तालुक्याला ठाऊक होता.

त्या वर्षी पंचायत समितीचा त्यांचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव सुटला. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या पलीकडे, डोंगरातल्या एका निवासी शाळेनं रोहिणीला नेमणूक दिली. कायम नोकरी, राहायला दोन खोल्या, अकरावी-बारावीचं गणित. मुलाखत तिनं कॉलेजच्या संगणक कक्षात बसून दिली होती, नवऱ्याला, तानाजीला, सांगून. होकार सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

"अण्णांना विचार," तानाजी म्हणाला. वडिलांना तो अण्णा म्हणे. त्याच्याकडून दुसरं उत्तर लग्न झाल्यापासून तिनं ऐकलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी वडील उभे असत.

तिनं मामांना विचारलं. ते म्हणाले, "बघू की."

त्यानंतर ओसरीत कुणी आलं की ते हाक मारायचे, "सूनबाई, जरा बाहेर या." ती पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिली की माणसं तिच्याकडे वरून खाली बघायची. "शिकलेल्या हाईत," मामा सांगायचे. "उमेदवारीच्या फॉर्मवर सही इंग्रजीत मारतील." माणसं हसायची. ती आत येऊन चहा टाकायची. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि नको म्हणायला जागाही ठेवली नव्हती.

* * *

त्याच दिवसांत ती अकरावी विज्ञानला संभाव्यता शिकवत होती. फासे, नाणी, पत्ते यांना पोरं कंटाळली होती. म्हणून एका शुक्रवारी तिनं वर्ग संगणक कक्षात नेला.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "दोन्ही हात कीबोर्डवर ठेवा आणि कशाही कळा बडवा. पहिली तीन अक्षरं लिहून घ्या. प्रत्येकानं वीस वेळा करायचं. किती वेळा खरा इंग्रजी शब्द तयार होतो, ते बघू."

बडवायला मिळतंय म्हटल्यावर वर्ग खूश झाला. पण तिनं सगळ्यांना हात वर करायला लावले. "आधी हिशेब. पहिलं अक्षर किती प्रकारे येईल?"

"सव्वीस."

"दुसरं? तिसरं?"

"सव्वीस, सव्वीस," मेंढपाळाचा म्हाळू म्हणाला. "म्हंजी सव्वीस गुणिले सव्वीस गुणिले सव्वीस. सतरा हजार पाचशे शहात्तर."

"शाबास. आता त्यातले शब्द किती?"

मग तिनं कॉलेजच्या ग्रंथालयातला खिशात मावणारा शब्दकोश वर केला. शब्द म्हणजे काय, ते आधी ठरवायचं, असं ती म्हणाली. या शब्दकोशातले तीन अक्षरी शब्द धनश्रीनं दोन दिवस बसून मोजले होते. सहाशे सहा. सतरा हजार पाचशे शहात्तरला सहाशे सहानं भागलं की जवळजवळ एकोणतीस येतात. म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच संधी असेल, तर एकोणतीस वेळा बडवल्यावर सरासरी एक शब्द.

"मंजी मॅडम, अठ्ठावीस वेळा न्हाई आलं तर एकोणतिसाव्या वेळी येणारच," मागून अमरसिंह म्हणाला. हा एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा, वर्गाचा हसवणारा.

"नाही. कीबोर्डला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक वेळी तेच, एकोणतिसात एक. एकोणतीस वेळा केलंस तरी निदान एक शब्द मिळण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या आसपास. वीस वेळा केलंस तर निम्मी."

"हे कसं काढलं?"

"उलट्या बाजूनं. शब्द न येण्याची शक्यता एका वेळी अठ्ठावीस भागिले एकोणतीस. ती वीस वेळा स्वतःशी गुणायची. जे येईल ते एकातून वजा करायचं."

मग वर्गानं बडवायला सुरुवात केली. अडतीस पोरं, प्रत्येकी वीस. पावसाळी पत्र्यासारखा आवाज झाला. थोड्याच वेळात अमरसिंह ओरडला, "मॅडम, आला! जे, सी, बी!"

"तो शब्द नाही."

"न्हाई कसा? आमच्या दारात उभाय की तो!"

वर्ग हसून लोळला. रोहिणीही हसली. मग तिनं फळ्यावर लिहिलं, आणि खाली रेघ ओढली: *या शब्दकोशात आहे तो शब्द. नाही तो नाही.* "तुमच्या दारात काय उभं आहे ते धरायचं नाही, अमरसिंह. मोठ्या शब्दकोशात काय आहे तेही धरायचं नाही. नियम आधी ठरतो. एकदा बडवायला लागल्यावर नियम हलवला तर सगळा प्रयोग खोटा."

सातशे साठ वेळांत सव्वीस शब्द अपेक्षित होते. आले फक्त नऊ.

पोरं नाराज झाली. रोहिणीला मात्र हेच हवं होतं. "का कमी आले? लिहिलेलं वाचा."

म्हाळूनं आपलं पान वाचलं. ए-एस-डी. एफ-जी-एच. जे-के-एल. पुन्हा एस-डी-एफ. तो थांबला. "मॅडम, हात मधल्याच वळीवर पडतो. आणि शेजारशेजारच्याच कळा दबतात."

"मधल्या ओळीत स्वर किती?"

"एकच. ए." म्हाळूनं कीबोर्ड जवळ ओढला. "ई, यू, आय, ओ समदे वरच्या वळीत. खालच्या वळीत एक बी न्हाई."

"म्हणून. आपल्याला वाटतं हात मोकळा आहे, कुठेही पडेल. तो मोकळा नसतो. त्याला बसायची सवय झालेली जागा असते."

मग तिनं सव्वीस अक्षरांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, दर वेळी एक काढायची, लिहायची, परत टाकायची, डबा हलवायचा. परत टाकायचं विसरायचं नाही, नाहीतर संधी सारखी राहत नाही. त्या प्रकारे सातशे साठ वेळांत चोवीस शब्द आले. सव्वीसच्या जवळ. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

* * *

त्या संध्याकाळी जेवताना धनश्रीला कॉलेजातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. घरी ती रोहिणीला काकी म्हणे, कॉलेजात मॅडम, आणि घाईत दोन्ही.

"आबा," ती आजोबांना म्हणाली, "डोळे झाकून बडवलं तर एकोणतिसात एकदाच शब्द येतो. काकीनं सिद्ध करून दाखवलं."

गहिनीनाथरावांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "एकोणतिसात एक?"

"हा. सारखी संधी असली तर. आन् कीबोर्डला मागचं काय आठवत न्हाई."

आत्याबाई, म्हणजे विमलबाई, तव्यावरून भाकरी काढत होत्या. त्यांनी त्याच वेळी विषय काढला. "हिचं त्या शाळेचं काय करायचं, ते देवाला विचारा एकदा. चिठ्ठ्या टाका. सोमवार आलाय."

या घरात अडलेलं काम असंच सुटत असे. देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या आणि घरातल्या लहान पोरानं एक उचलायची. विहीर कुठे खणायची, थोरल्या मुलाच्या, धनश्रीच्या वडिलांच्या, लग्नाची कोणती तारीख धरायची, सगळं चिठ्ठीवर. देव एकदा बोलला की पुन्हा चर्चा नाही.

गहिनीनाथरावांनी तुकडा तोंडात टाकला. "चिठ्ठीचं काय खरं हाय. पोरगं कुठलीबी उचलतं. निम्मं निम्मं." ते रोहिणीकडे वळले. "सूनबाई गणिताच्या. त्यांना त्यांच्याच यंत्राचा कौल देऊ. डोळे बांधून दाबायचं. शब्द आला, तर खुशाल जावा पुण्याला. न्हाई आला, तर फॉर्म भरायचा. बुधवारी. तुमी तर म्हणताव कीबोर्डला काय आठवत न्हाई. मंजी त्यो कुणाच्या बाजूचा न्हाई."

तानाजी हसला, मग कुणी हसत नाही हे बघून थांबला.

रोहिणीच्या लक्षात आलं की मामांनी निम्म्याची संधी बाजूला सारून एकोणतिसाची समोर केली होती, आणि तेही इतक्या सहज की बघणाऱ्याला तो मोठेपणा वाटावा. तरी तिला आत कुठेतरी हलकं वाटलं. इतके दिवस तिच्यासमोर "बघू की" होतं, त्याला धरायला काही नव्हतं. आता निदान एक आकडा होता.

"किती वेळा दाबायचं?" तिनं विचारलं.

"किती वेळा काय? एकदा."

"वर्गात वीस वेळा करतो."

"तीनदा," मामा म्हणाले. "त्रिवार."

रोहिणी आत्याबाईंकडे वळली. त्या दर संकष्टीला लिंबागणेशच्या देवळात जाणाऱ्या, ऊन असो की पाऊस. "आत्याबाई, देवाचाच कौल म्हणायचा, तर गणपतीला दुर्वा किती वाहतो आपण?"

"एकवीस," विमलबाई चटकन म्हणाल्या, आणि मग तव्याकडे बघत ठामपणे म्हणाल्या, "एकवीसच पायजेत. तीन दुर्वांनी कुटं पूजा होती व्हय?"

मामांना बायकोला नाही म्हणता आलं असतं, पण गणपतीला कसं म्हणणार. मग ते मोठ्यानं हसले. "बरं. एकवीस तर एकवीस. सूनबाई फॉर्म भरायच्या आदीच राजकारण शिकल्या."

एकवीस वेळा. रोहिणीनं मनात गुणाकार केला. शंभरात बावन्न. निम्म्याहून थोडं वर. पण ते प्रत्येक अक्षराला सारखी संधी असली तरच. म्हणून तिनं अटी घातल्या. दोन्ही हातांनी बडवायचं नाही, एकेक बोट वरून सोडायचं. प्रत्येक बोटानंतर धनश्रीनं कीबोर्ड फिरवायचा आणि सरकवायचा, म्हणजे बोटाला सवयीची जागा सापडणार नाही. अक्षर सोडून दुसरी कळ लागली तर ती धरायची नाही. मामांनी सगळ्याला मान डोलावली. इतक्या पटकन डोलावली की तिला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो.

* * *

रविवारी दुपारी ओसरीतल्या संगणकावर हे झालं. हा संगणक तानाजीनं मामांच्या संपर्क कार्यालयासाठी आणला होता. दाराशी आलेल्या दोघातिघांना मामांनी चहा पाजून परत पाठवलं. घरचं काम आहे, म्हणाले.

धनश्रीनं आपली ओढणी काकीच्या डोळ्यांवर बांधली. ओढणीला साबणाचा वास होता. अंधारात रोहिणीनं हात वर उचलला आणि बोट सोडलं.

"क्यू," धनश्री वाचू लागली. कीबोर्ड फिरल्याचा आवाज आला. "एच. पी."

"शब्द?" मामा.

"न्हाई, आबा."

"टी. जी. डब्ल्यू. न्हाई." मग एल-झेड-ए. मग व्ही-आर-आर. प्रत्येक वेळी एक गाठ सुटायच्या ऐवजी आवळली जात होती. अंधारात घराचे आवाज मोठे झाले होते. आत्याबाई जपमाळ ओढत होत्या, तानाजीची खुर्ची करकरत होती. रोहिणीनं मोजणं सोडलं नाही. दहा झाले तेव्हा उरलेल्या अकरांत शंभरात बत्तीसची संधी होती. आधीच्या दहांचा त्यात काही हिस्सा नव्हता. हे ती वर्गात किती सहज सांगायची.

चौदावी वेळ.

"ए," धनश्री म्हणाली. कीबोर्ड फिरला. "डब्ल्यू." पुन्हा फिरला. "एन."

तानाजीची खुर्ची जोरात करकरली.

"ए-डब्ल्यू-एन," मामांनी हळू म्हटलं. "न्हाई ना?"

रोहिणीनं ओढणी कपाळावर सरकवली. "आहे, मामा. ऑन. गव्हाच्या ओंबीला जे कुसळ असतं, त्याला म्हणतात."

"कुसळाला?"

"हो."

तानाजीनं फोन काढला होता. त्यानं त्यात शब्द शोधला. मग वडिलांकडे न बघता म्हणाला, "हाय, अण्णा. शब्द हाय." लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या वाक्याच्या शेवटी तोच होता.

विमलबाईंनी माळ कपाळाला लावली. डोंगरातल्या त्या दोन खोल्या रोहिणीनं फोटोत पाहिल्या होत्या, खिडक्यांसकट.

गहिनीनाथराव रागावले नाहीत. हा शब्द नाही म्हणून ओरडलेही नाहीत. ते नातीकडे वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "धना, तुमच्या वर्गात कसं करताव? नियम काय हाय तुमचा?"

धनश्रीचं तोंड उतरलं. ती आजोबांकडे बघेना, काकीकडे बघेना. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली.

"बोल की."

रोहिणीनं तिच्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलणार होती. तिच्या ओठांवर आलं होतं ते. काकीसाठी बोलणार होती, आणि मग कॉलेजात त्याच काकीसमोर रोज बाकावर बसणार होती.

"सांग, धना," रोहिणी म्हणाली. "खरं आहे ते सांग."

"त्या छोट्या शब्दकोशात असंल, तरच धरायचं," धनश्री पुटपुटली. "मोठ्यातलं धरायचं न्हाई. फळ्यावर लिहिलंतं मॅडमनी."

"आन त्यो," मामा म्हणाले.

शब्दकोश तिच्याच दप्तरात होता, वर्गात दाखवून झाल्यावर तिच्याकडेच राहिलेला. मामांनी तो स्वतः उघडला नाही, तानाजीकडे दिला. तानाजीनं बोट फिरवलं. ए-डब्ल्यू-एल, सुतार-चांभाराची आरी, होती. तिच्याखाली एकदम दुकानापुढच्या छपराचा शब्द. मधे काही नव्हतं. तानाजीनं पान उलटून पाहिलं, पुन्हा मागं आला, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर सापडेल.

"न्हाई," तो म्हणाला.

"अजून सात राह्यलेत," मामा म्हणाले. "दाबा, सूनबाई. नियमानं चालू."

सात वेळांत शंभरात बावीस. तिनं ओढणी खाली ओढली. सातही वेळा काही आलं नाही. शेवटच्या वेळी धनश्रीला अक्षरं वाचता येईनात, रडत होती. तानाजीनं वाचली.

गहिनीनाथराव उठले आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "यंत्रानंच सांगितलं. आमी काय बोललो का? आता मनात काय ठेवू नका. बुधवारी फॉर्म."

बोटं सारखी पडावीत म्हणून रोहिणीनं कीबोर्ड फिरवून घेतला होता, वेळा मोजून घेतल्या होत्या, डोळे बांधून घेतले होते. आणि वर्गात सगळ्यात आधी जे ठरवायचं, शब्द कशाला म्हणायचं आणि ते कोण सांगणार, तेवढंच ठरवायचं राहिलं होतं. ठरवलं नव्हतं म्हणून तिचाच नियम तिच्यावर आला होता. आणि तो चुकीचाही नव्हता.

* * *

सोमवारी सकाळी जीप नेहमीसारखी भरून निघाली. रोहिणी मधे, धनश्री शेजारी, डोळे सुजलेली. फाट्यावर जीप थांबली, कारण रस्त्याच्या कडेला दोघेजण बांबूला फ्लेक्स बांधत होते आणि त्यांची शिडी आडवी आली होती. बायका वाकून बघू लागल्या.

फ्लेक्सवर रोहिणी होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले. वर मामांचा मोठा फोटो, एका कोपऱ्यात तानाजी. खाली लिहिलं होतं, *उच्चशिक्षित सूनबाई, आपल्या हक्काच्या उमेदवार.* फोटो धनश्रीच्या फोनमधला होता, हरतालिकेचा. हात जोडलेले होते ते देवापुढे.

शिडीवरचा माणूस ओळखीचा निघाला. "नमस्कार, मॅडम! फोटू झकास आलाय का न्हाई?"

"एवढ्या लवकर छापला?" रोहिणीनं विचारलं.

"लवकर कुठलं? शनवारीच छापून ठेवलाय. अण्णा म्हणले, सोमवारी सकाळी लावा, आदी लावू नका."

शिडी बाजूला झाली. जीप पुढे गेली. धनश्री काकीचा हात धरून बसली होती. रोहिणीच्या डोळ्यांसमोर मामांची पटकन डोलावलेली मान आली. एकवीसला त्यांनी का हसून होकार दिला, ते तिला आता कळलं. शब्द आठव्या वेळी आला असता आणि छोट्या शब्दकोशात असता, तरी काहीतरी निघालं असतं. कळ नीट दबली नाही. ओढणीतून दिसत होतं. बाईमाणसानं स्वतः दाबायचं नव्हतं. ते फासे खेळत नव्हते. खेळत होती ती एकटीच, शंभरात बावन्न म्हणत.

वर्गात त्या दिवशी प्रयोगाचा निष्कर्ष लिहायचा होता. सगळ्यांचं लिहून झाल्यावर म्हाळूनं हात वर केला.

"मॅडम, शब्दकोश कोणता धरायचा, हे कोण ठरवतं?"

"जो प्रयोग करतो तो."

"आन् ज्याच्यावर प्रयोग चाललाय, त्यानं काय करायचं?"

वर्ग हसला. अमरसिंह म्हणाला, "बे, कीबोर्डला इचारतोस का?" रोहिणीनं खडू खाली ठेवला. उत्तर तिला येत होतं, पण ते गणिताचं नव्हतं. ती म्हणाली, "आधी विचारायचं, हा प्रयोग करायची गरज काय." आणि पुढचं उदाहरण घेतलं.

तास संपल्यावर ती संगणक कक्षात गेली. शाळेचं पत्र उघडलं. नेमणूक स्वीकारत असल्यास खालच्या चौकटीत इंग्रजीत होकार टाइप करा, असं त्यात होतं. तीन अक्षरं. तिनं हात कीबोर्डवर ठेवले. बोटं सवयीनं मधल्या ओळीवर बसली. तिनं ती उचलली. वरच्या ओळीतलं वाय, तिथलंच ई, आणि मग मधल्या ओळीतलं एस, एकेक कळ बघून दाबली. छोट्या शब्दकोशात तो शब्द होता. मग पाठवायची कळ दाबली.

पडद्यावर धन्यवाद आलं. बाकी काही झालं नाही. खिडकीबाहेर शिपाई सायकलला हवा भरत होता.

परतीच्या जीपमध्ये ती पुन्हा मधेच बसली. फाट्यावर स्वतःच्या जोडलेल्या हातांखालून गेली. ओसरीत बैठक भरलेली होती. मामा कुणाला तरी सांगत होते की सूनबाई पहिल्या सभेत पाच मिनिटं बोलतील, भाषण लिहून तयार आहे. बाहेर जायचं तरी ओसरीतूनच, आत जायचं तरी ओसरीतूनच. माणसं उठून उभी राहिली. तिनं पदर घेतला आणि मधून वाट काढत स्वयंपाकघरात गेली.

विमलबाई भाकरी थापत होत्या. रोहिणी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आत्याबाई, मी त्या शाळेला होकार कळवला."

थापणारे हात थांबले नाहीत. भाकरी गोल फिरत राहिली, मोठी होत राहिली. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"कवा कळवलास?"

"आज. तासानंतर."

"तानाजीला म्हाईत हाय?"

"नाही. तुम्हालाच पहिलं सांगितलं."

विमलबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि हात पुसले. मग उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ओसरीतला आवाज कमी झाला, पण बंद झाला नाही. त्यांनी ताट घेतलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"जेव आधी," त्या म्हणाल्या. "मानसं उठून गेली की सांगू. उपाशीपोटी त्यांच्यापुढं उभं ऱ्हायचं न्हाई."

त्या सांगू म्हणाल्या होत्या. रोहिणीनं ते ऐकलं, पण विचारलं नाही. भाकरी फुगत होती. दाराच्या फटीतून मामांची हाक आली, "सूनबाई, जरा बाहेर या."